शिक्षक झाल्यावरचे नवे हँडल

नोकरी सोडून शिक्षक झालेल्या माणसाचे इंटरनेटवरचे नाव बहुधा जुन्या व्यवसायाला चिकटलेले असते. समजा, पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टेस्टरने दहा-बारा वर्षे `bugshodhak` या हँडलने लिखाण केले. कोडमधल्या चुका कशा हुडकायच्या यावर त्याचे व्हिडिओ आहेत, एक्सवर व्यवसायातली माणसे त्याला याच नावाने ओळखतात. पुढे बी.एड. करून तो शाळेत गणित शिकवू लागला. आता हे नाव विद्यार्थ्यांना काहीच सांगत नाही, आणि ते टाकून दिले तर जुनी ओळख पुसली जाते.

अशा वेळी आधी ठरवावे लागते ते हे, की जुन्या-नव्याचा धागा कोणासाठी राखायचा आहे. धागा हवा असतो जुन्या सहकाऱ्यांना आणि वाचकांना. विद्यार्थ्यांना तो नसला तरी चालतो, कधी कधी तर तो नसलेलाच बरा. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. एका माणसाने वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी नावे देणे मराठीला नवे नाही.

जुन्या नावातला कोणता तुकडा नव्या कामातही खरा ठरतो, ते पाहिले की नवे नाव सुचते. वरच्या उदाहरणात ‘bug’ गेला, पण ‘shodhak’ राहू शकतो, कारण मुलाचे उत्तर नेमके कोणत्या पायरीवर चुकले हे शोधणे गणिताच्या शिक्षकाचे रोजचेच काम आहे. म्हणून `ganitshodhak`. जुन्या ओळखीच्या माणसाला शेवटचा शब्द दिसताच खूण पटते. मुलांना नावातून विषय कळतो.

या नावात अंडरस्कोअर नाही, त्यालाही कारण आहे. `ganit_shodhak` दिसायला सुटसुटीत, पण गिटहब नव्या नावांत अंडरस्कोअर घेत नाही. तिथे अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालते. एक्सवर उलट अंडरस्कोअर चालतो, आडवी रेघ चालत नाही, आणि नाव पंधरा अक्षरांत बसवावे लागते. `ganitshodhak` बारा अक्षरांचे असल्याने दोन्हीकडे बसते. शिवाय फळ्यासमोर उभे राहून ‘मध्ये खालची रेघ’ असे सांगावे लागले की निम्मी मुले ती विसरतात. मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिताना आणखी एक अडचण येते: कोणी `ganeet` लिहितो, कोणी `shodak`. म्हणून नाव पक्के करण्याआधी ते चार-पाच जणांना नुसते तोंडी सांगावे आणि लिहून दाखवायला सांगावे. बहुतेकांनी वेगवेगळे लिहिले, तर ते नाव सोडून द्यावे.

नावात इयत्ता किंवा शाळेचे नाव घालू नये. दहावीचा शिक्षक पुढच्या वर्षी आठवीला जाऊ शकतो, शाळाही बदलू शकते, आणि मग पुन्हा नाव बदलण्याची वेळ येते. ‘classes’ हा शब्द तर कटाक्षाने टाळावा. महाराष्ट्रात क्लासेस म्हटले की खासगी शिकवणीच डोळ्यांसमोर येते, आणि शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. व्हिडिओ फुकट असले तरी अशा नावामुळे मुख्याध्यापकांपुढे खुलासा करण्याची पाळी येऊ शकते.

नाव ठरले की लगेच बदलायचे नाही. आधी खात्यांना जोडलेला ईमेल पाहायचा. अनेकांची जुनी खाती कंपनीच्या ईमेलवर उघडलेली असतात. नोकरी सुटली की तो ईमेल बंद होतो, आणि पुढे पासवर्ड विसरला तर खाते परत मिळवण्याची वाटच उरत नाही. राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नंबर सगळीकडे नोंदवून ठेवावा.

त्यानंतरचा निर्णय म्हणजे आहे त्याच खात्याचे नाव बदलायचे, की नवे खाते उघडायचे. नाव बदलले तर अनुयायी टिकतात, पण जुने सगळे लिखाणही सोबत येते. राजकारणावरचे वाद किंवा आधीच्या कंपनीवरचा राग त्यात असेल, तर विद्यार्थी आणि पालक ते वाचणारच. तेव्हा जुने खाते तांत्रिक विषयापुरतेच असेल तर नाव बदलावे. त्यात खासगी आयुष्य मिसळलेले असेल तर नवे खाते उघडावे. दुसऱ्या पर्यायात खूण एकाच दिशेने ठेवायची: जुन्या खात्यावर नव्याचा पत्ता लिहायचा, नव्यावर जुन्याचा नाही. जुने वाचक नव्याकडे येतील आणि विद्यार्थ्यांच्या हाती मागे जाणारा दुवा पडणार नाही. अर्थात नाव शोधून कोणी तिथवर पोचू शकतो, म्हणून जुने खाते एकदा चाळून नको ते काढून टाकलेले चांगले.

आहे त्याच खात्याचे नाव बदलताना मोठी जोखीम असते ती मोकळ्या झालेल्या जुन्या नावाची. एक्सवर सुटलेले हँडल दुसरा कोणीही घेऊ शकतो. एखाद्या पोस्टचा जुना दुवा उघडतो, कारण तो पोस्टच्या क्रमांकावर चालतो. पण कोणी पूर्वी `@bugshodhak` असा केलेला उल्लेख त्या नावाच्या नव्या मालकाकडे जातो. म्हणून बदल झाल्याबरोबर जुन्या नावाने एक रिकामे खाते उघडून ‘आता @ganitshodhak’ एवढीच ओळ तिथे ठेवावी. गिटहबवर जुन्या प्रकल्पांचे दुवे आपोआप नव्या नावाकडे वळतात, पण जुन्या नावाने दुसऱ्याने खाते काढून त्याच नावाचा प्रकल्प सुरू केला की ते वळण तुटते. यूट्यूब जुने हँडल चौदा दिवस राखून ठेवते. तेवढ्यात मन बदलले तर ते परत घेता येते.

यूट्यूबच्या बाबतीत एक सोय फारशी वापरली जात नाही. प्रत्येक चॅनेलला UC ने सुरू होणारा एक आयडी असतो, आणि हँडल कितीही वेळा बदलले तरी तो तसाच राहतो. वहीच्या मुखपृष्ठावर किंवा वर्गाच्या भिंतीवर क्यूआर कोड लावायचा असेल तर तो या आयडीच्या दुव्याचा करावा.

नाव आणि चित्र एकाच दिवशी बदलणे ही नेहमी होणारी चूक. माणसे यादीतून खाली जाताना नाव वाचत नाहीत, चित्र ओळखतात. दोन्ही एकदम बदलले की ‘हे कोण?’ म्हणून अनेकजण अनफॉलो करतात. आधी नाव बदलावे, जुने चित्र महिना-दीड महिना तसेच ठेवावे, आणि जिथे विद्यार्थ्यांपासून लपवण्यासारखे काही नाही तिथे परिचयात ‘पूर्वी bugshodhak’ असे लिहावे. ‘हे तुम्हीच का?’ असे जुन्या ओळखीच्यांचे निरोप येत असतील, किंवा शोधात अजून जुन्याच नावाचे उल्लेख वाढत असतील, तर ती ओळ काढण्याची वेळ झालेली नाही. साधारण एक शैक्षणिक वर्ष ती राहू द्यावी.

जुना ईमेल मात्र कायम ठेवावा, कारण बँकेपासून जुन्या ग्राहकांपर्यंत अनेकांकडे तोच पत्ता असतो. त्यावर येणारी पत्रे नव्या पत्त्याकडे वळवून ठेवली तरी मधूनमधून त्या खात्यात लॉगिन करणे आवश्यक आहे. सलग दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गुगल काढून टाकू शकते.