सत्तावीस हजार, पण कुठले?

ऑफर लेटरचा पीडीएफ मेलवर येतो, तेव्हा तुम्ही नेमकं काय वाचता? पहिल्या पानावरचं स्वतःचं नाव, पद आणि ठळक अक्षरातला सीटीसीचा आकडा. मग स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर जातो, आई देवापुढे साखर ठेवते आणि रात्री शेवटच्या पानावर सही होते. मधली पानं उघडली जातात ती थेट राजीनामा द्यायची वेळ आल्यावर!

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हे पत्र कुणी बसून तुमच्यासाठी नव्याने लिहिलेलं नसतं. बहुतेक ठिकाणी आधीच्या कुणाच्या तरी पत्रावर नाव, आकडे, तारखा बदलून नवं पत्र तयार होतं. बदलायच्या दहा जागांपैकी आठ बदलल्या जातात, दोन तशाच राहतात. त्यामुळे चुका बहुतेक वेळा लबाडीच्या नसतात, कॉपी-पेस्टच्या असतात. पण सही झाली की त्या तुमच्या नावावर लागतात, कारण सहीच्या वर बारीक अक्षरात 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' अशा अर्थाचं वाक्य असतंच.

माझ्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला जून 2025 मध्ये पुण्यातल्या एका कंपनीचं असं पत्र आलं. कंपनीचं नाव राहू दे. सीटीसी वर्षाला 4,20,000 रुपये. फोनवर एचआरने सांगितलं होतं, 'हातात साधारण सत्तावीस हजार येतील.' पत्राला जोडलेल्या पगाराच्या तक्त्यात, म्हणजे अ‍ॅनेक्शरमध्ये, 'मासिक ग्रॉस' समोर 26,979 होते. सत्तावीस म्हटलं होतं, सत्तावीस आलं. तिचं समाधान झालं. गडबड नेमकी तिथेच होती.

ग्रॉस म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ जातो. तिचा बेसिक 15,000, त्याचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये. शिवाय महाराष्ट्रात व्यवसाय कर, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300. म्हणजे ग्रॉस 26,979 असेल, तर हातात 24,979 येणार. सत्तावीस हातात यायला ग्रॉस साधारण एकोणतीस हजार हवा. मग तक्त्यात सत्तावीस आला कुठून?

आम्ही तक्ता प्रिंट केला आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तक्त्यात दोन रकाने होते, मासिक आणि वार्षिक. वार्षिक रकान्याची बेरीज बरोबर 4,20,000. सीटीसीशी जुळली, म्हणून इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका. प्रत्येक ओळीतला मासिक आकडा 12 ने गुणा आणि शेजारच्या वार्षिक आकड्याशी लावून बघा. बेसिक 15,000 गुणिले 12, 1,80,000. ठीक. घरभाडे भत्ता 6,000, वर्षाचे 72,000. ठीक. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, वर्षाचे 21,600. ठीक. ग्रॅच्युइटी महिन्याला 721 आणि वर्षाला 8,654 होती. गुणाकार केला तर 8,652 येतात, दोन रुपयांचा फरक. हा राउंडिंगचा फरक. यासाठी मेल लिहिलात तर एचआर तुमची आठवण आयुष्यभर काढेल.

स्पेशल अलाउन्सची ओळ मात्र फसली. महिन्याला 5,979, वर्षाला 95,746. पण 5,979 गुणिले 12 केलं तर साधारण 71,750 होतात. चोवीस हजारांचा फरक! मग आम्ही मासिक रकान्याची पूर्ण बेरीज केली. विमा आणि व्हेरिएबल धरून 33,000 आली. त्याला 12 ने गुणलं की 3,96,000. म्हणजे वार्षिक रकाना तिच्या 4.20 लाखांचा होता आणि मासिक रकाना दुसऱ्याच कुणाच्या तरी 3.96 लाखांच्या ऑफरचा. बाकीच्या ओळी दोघांच्या सारख्या असल्याने फरक फक्त स्पेशल अलाउन्समध्ये दिसला. ही ओळ लक्षात ठेवा. ठरलेल्या सीटीसीतून बाकी सगळं वजा करून जे उरतं, ते बहुतेक ठिकाणी इथे टाकलं जातं. त्यामुळे हिशेब चुकला की पहिली खूण इथेच उमटते.

स्पेशल अलाउन्स 7,979 केला की ग्रॉस होतो 28,979. पीएफचे 1,800 आणि कराचे 200 वजा केले, तर हातात 26,979. चुकीचा ग्रॉस आणि बरोबर इन-हँड, दोन्ही आकडे रुपयापर्यंत सारखे. योगायोगच, पण म्हणूनच नजरेतून सुटला. तेव्हा फोनवर कुणी 'अमुक हजार मिळतील' म्हटलं की तिथल्या तिथे विचारा, ग्रॉस की इन-हँड?

याच तक्त्यात व्हेरिएबलचे 36,000 होते. ते सीटीसीत धरलेले असतात, पण दर महिन्याला हातात येत नाहीत. तिच्या तक्त्यात त्यांची मासिक किंमत 3,000 लिहिली होती आणि खाली तारांकित ओळ, 'वर्षअखेरीस, कामगिरीनुसार'. ही चूक नाही, पण ती ओळ न वाचता तीन हजार दरमहा मोजणारे बरेच भेटतील.

आता तारीख. पहिल्या पानावर रुजू होण्याचा दिवस होता 'सोमवार, 1 जुलै 2025'. मोबाइलमध्ये कॅलेंडर उघडा. 1 जुलै 2025 ला मंगळवार होता. सोमवार होता तो 2024 च्या 1 जुलैला! साल बदललं, वार तसाच राहिला. पत्र गेल्या वर्षीच्या पत्रावरून केलंय, हे या एका शब्दावरून कळलं. 3.96 लाखांचा रकानाही तिथूनच आला असावा, असा आमचा अंदाज. तारखेशेजारी वार छापलेला असेल, तर तो फुकटात मिळालेला पुरावा आहे. जरूर तपासा.

शेवटच्या पानावर, आपण सही करून परत पाठवतो त्या स्लिपवर, हीच तारीख '07/01/2025' अशी होती. आपण ती 7 जानेवारी वाचतो. अमेरिकी पद्धतीचं सॉफ्टवेअर महिना आधी लिहितं, म्हणून ती 1 जुलै. जानेवारी तर उलटून गेला होता, म्हणून इथे घोळ लगेच दिसला. पण '07/08' असतं तर? 7 ऑगस्ट की 8 जुलै? पत्रात पुढेच अट होती की ठरल्या दिवशी रुजू न झाल्यास ऑफर आपोआप रद्द. अशी अट असेल तर तारीख एकाच अर्थाची हवी. महिना अक्षरात लिहून मागा.

नोटीस पिरियडचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे बेरीज करून चूक सापडत नाही. तिथे शब्द जुळवावे लागतात. पीडीएफमध्ये 'notice' हा शब्द सर्च करा आणि तो जिथे जिथे येतो ती सगळी वाक्यं एका कागदावर एकाखाली एक उतरवा. मैत्रिणीच्या पत्रात तीन ठिकाणी सापडला. दुसऱ्या पानावर, प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी 15 दिवस आणि नोकरी कायम झाल्यावर दोन्ही बाजूंनी 60 दिवस. चौथ्या पानावर, 'नोकरी सोडताना' या कलमात, कर्मचाऱ्याने 90 दिवस आणि कंपनीने 30 दिवस किंवा त्याबदल्यात पगार. तीन महिने की दोन? दोघांना सारखे की वेगवेगळे? दोन वेगळ्या पत्रांतली कलमं एकत्र शिवली की असं होतं. पुढची कंपनी तुम्हाला 'कधी जॉइन होणार' विचारेल, तेव्हा हा एक महिना फार मोठा असतो.

तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. नोटीस पूर्ण केली नाही, तर उरलेल्या दिवसांचा 'salary' भरावा लागेल. पण सॅलरी म्हणजे काय, बेसिक की ग्रॉस? दोन महिन्यांचा हिशेब करा. बेसिकने 30,000, ग्रॉसने 57,958. त्या एका शब्दात जवळपास अठ्ठावीस हजारांचा फरक आहे. आणखी एक वाक्य शोधा. प्रोबेशन आपोआप संपतं की 'लेखी पत्र मिळेपर्यंत सुरू राहतं'? दुसरं असेल, तर सहा महिने उलटले तरी तुम्ही कदाचित प्रोबेशनवरच आहात आणि 15 दिवसांचीच नोटीस लागू आहे. काहींना ते सोयीचं वाटेल, पण कंपनीलाही तुम्हाला 15 दिवसांत घरी पाठवता येतं.

एवढं सापडल्यावर फोन करायचा मोह होतो. फोनवर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, 'अरे, ती टायपिंग मिस्टेक आहे, तुम्ही साइन करून टाका, सिस्टीममध्ये बरोबर आहे.' सांगणारा खरंही बोलत असेल. पण त्याने नोकरी बदलली की तुमच्याकडे उरतं फक्त पत्र. म्हणून मेलच लिहा, छोटा, तक्रारीचा सूर न लावता. मैत्रिणीने आभार मानून चार मुद्दे लिहिले. प्रत्येकात पान क्रमांक, तिथे काय छापलंय, कुठल्या दुसऱ्या आकड्याशी किंवा कलमाशी ते जुळत नाही आणि कुठलं बरोबर धरायचं हा प्रश्न. 'तुम्ही मला कमी पगार दिलाय' असं कुठेही नाही. शेवटी सुधारित पत्राची विनंती. पेनाने खाडाखोड करून सही करू नका. समोरच्याने त्या खाडाखोडीवर सही केली नाही, तर तो बदल त्यांना मान्य होता हे दाखवायला तुमच्याकडे काही राहत नाही.

दोन दिवसांत सुधारित पत्र आलं. ते पुन्हा पहिल्यापासून तपासायचं, फक्त बदललेल्या जागा नाही. आम्ही तपासलं. मासिक रकाना 35,000 वर जुळला, वार मंगळवार झाला, नोटीस दोन्हीकडे 60 दिवस आणि सॅलरीच्या जागी 'बेसिक'. मात्र नव्या पत्रावर तारीख 19 जून होती आणि 'ऑफर स्वीकारण्याची अंतिम मुदत' जुनीच, 18 जून. म्हणजे पत्र जन्माला यायच्या आदल्या दिवशीच त्याची मुदत संपलेली! परत एक मेल गेला, एका ओळीचा. संध्याकाळी 24 जून अशी मुदत आणि 'हे पत्र आधीच्या पत्राची जागा घेते' असं वाक्य घालून तिसरा पीडीएफ आला. आधीचे दोनही तिने डिलीट केले नाहीत, मेलसकट एका फोल्डरमध्ये ठेवलेत.