आखूड शब्दापुढचे टिंब

आपल्या शिरपूरच्या शेतकरी गटाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ईमेल लिहिला आहे, असे समजा. मजकूर असा:

"डॉ पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. आम्हास सोयाबीन, तूर इ. पिकांच्या बियाण्याची माहिती हवी. डॉ. पं दे कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ गावी आल्यास श्री पाटील सभा ठरवतील. सभा श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराजवळ होईल. शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि वाशिम."

अर्थ कळतो. पण बघा, 'डॉ' एकदा टिंबाविना आणि एकदा टिंबासह. 'ता.' पुढे टिंब आहे, 'जि' ला नाही. वाचणाऱ्याला वाटते, दोन जुन्या पत्रांचे तुकडे जोडले असावेत.

मराठीत शब्द आखूड केला, की पुढे टिंब देतात. टिंब सांगते, की शब्द इथे पुरा झालेला नाही, उरलेला वाचणाऱ्याने मनात भरावा. म्हणून डॉ., पं. दे., ता., जि., सौ. हे सगळे टिंबाचे. इंग्लंडात डॉक्टरच्या आखूड रूपापुढे बहुधा टिंब देत नाहीत, अमेरिकेत देतात. ती त्यांची रीत झाली. आपण मराठीत टिंब द्यावे, आणि पहिल्या ओळीत दिले तर शेवटच्या ओळीतही द्यावे. 'श्रीमती' हा पुरा शब्द आहे, त्याला टिंब नको.

'श्री' चे जरा निराळे आहे. माणसाच्या नावामागे 'श्री.' लिहितात. ते 'श्रीयुत' चे आखूड रूप मानतात. देवाच्या नावामागचा 'श्री' मात्र पुरा शब्द आहे, त्याला टिंब देत नाहीत. तेव्हा वरच्या पत्रात श्री. पाटील टिंबासह आणि श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ टिंबाविना, हेच बरोबर. संगणकाला एका झटक्यात 'सगळे श्री बदल' असे सांगू नका बरं का. तो देवालाही टिंब लावील! एकेक ठिकाण पाहूनच बदलावे.

आता 'इ.' घ्या. हा 'इत्यादी' आखूड झालेला. 'वगैरे' लिहिले तर टिंब नको. 'इ.' वाक्याच्या शेवटी आला तर एकच टिंब पुरते: "आम्ही पेरतो सोयाबीन, तूर इ." दोन टिंबे देऊ नयेत. प्रश्न असेल तर टिंब राहते आणि पुढे प्रश्नचिन्ह येते: "बियाणे, खत इ.?" आणखी एक अडचण अशी, की 'इ. ७ वी' मध्ये हाच 'इ.' इयत्तेचा असतो. शाळेच्या पत्रात दोन्ही येणार असतील, तर 'इत्यादी' पुरा लिहावा.

टिंब अक्षराला चिकटून येते, मोकळी जागा त्याच्या पुढे सोडावी. आधी जागा सोडली, तर ओळ मोडताना टिंब एकटेच खालच्या ओळीत जाऊन बसते.

दुरुस्त मजकूर असा होईल:

"डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला. आम्हास सोयाबीन, तूर इ. पिकांच्या बियाण्याची माहिती हवी. डॉ. पं. दे. कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ गावी आल्यास श्री. पाटील सभा ठरवतील. सभा श्री अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराजवळ होईल. शिरपूर जैन, ता. मालेगाव, जि. वाशिम."

पाठवण्याआधी पत्र एकदा फक्त टिंबांसाठी वाचावे. अर्थाकडे लक्ष असले, की टिंबे नजरेतून सुटतात.