सव्वीस आठवड्यांनंतरचा चार्ज

लांब रजेवरून कुणी परत यायचं असलं की बदलीवर काम पाहणारा माणूस बहुधा एक टिपण तयार करतो. ते बहुतेक वेळा मे महिन्यापासून सुरू होतं. मेमध्ये काय झालं, जूनमध्ये कोण नवीन आलं, दिवाळीचा बोनस कधी दिला, असं करत आजपर्यंत पोचतं. लिहिणाऱ्याला तो क्रम सोपा वाटतो, कारण त्याला सगळं तसंच आठवत असतं. वाचणारीला मात्र आज सकाळी कशाला हात घालायचा हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही, आणि लेखा विभागात तेवढा उशीरही महाग पडतो.

एक उदाहरण घेऊ. पाकीटबंद फरसाण बनवणारा एक लहान कारखाना आहे. जीएसटीचं काम पाहणारी सहकारी १२ मे २०२५ पासून बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेवर गेली आणि सोमवारी, १० नोव्हेंबरला कामावर येणार आहे. मधल्या काळात जीएसटीत मोठे बदल झाले. २२ सप्टेंबरपासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जवळपास संपले आणि पाकीटबंद फरसाण १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. टिपण लिहिणाऱ्याला साहजिकच वाटेल की हीच सर्वांत मोठी बातमी, तेव्हा सुरुवात हिच्यापासूनच करावी. माझ्या मते ती दुसऱ्या क्रमांकावर यावी.

पहिल्या क्रमांकावर ती गोष्ट हवी, जी ठरलेल्या तारखेनंतर कुणालाच दुरुस्त करता येत नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षातल्या खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ आहे. ती टळली की तेवढे पैसे कायमचे गेले. समजा, पाकिटांची फिल्म पुरवणाऱ्याचं मार्च २०२५ मधलं दोन लाखांचं एक बिल आहे. त्यावर १८ टक्क्यांनी ३६ हजार रुपये कर लागला आणि कारखान्याने तो पुरवठादाराला दिलाही. पुरवठादाराने मात्र ते बिल स्वतःच्या विवरणपत्रात दाखवलंच नाही. त्यामुळे ते आपल्या २-बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत, उमटलेलं नाही आणि करही वळता झालेला नाही. रजेवर जाण्याआधी तिने पुरवठादाराला फोन केला होता. पुढे पाठपुरावा कुणी केला नाही.

आता तारखा पाहा. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराची ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ ची मुदत ११ नोव्हेंबर. त्यात ते बिल आलं तर १४ तारखेच्या आपल्या २-बी मध्ये दिसेल आणि २० तारखेच्या ३-बी मध्ये ३६ हजार वळते करून घेता येतील. म्हणजे ती कामावर येते तेव्हा हातात जेमतेम दोन दिवस असतात. म्हणून टिपण लिहिणाऱ्याने शुक्रवारीच पुरवठादाराला फोन करायला हवा. मग पहिली ओळ अशी लिहिता येते: ‘फिल्मवाल्याचं मार्चचं बिल, कर ३६,०००, २-बी मध्ये नाही. ७ तारखेला त्यांच्या अकाउंटंटशी बोललो, ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये टाकतो म्हणाले. लेखी कळवलेलं नाही. मंगळवारी दुपारी पुन्हा विचारायचं, १४ ला २-बी तपासायची.’ काम कुठवर आलंय, शब्द कुणी दिलाय आणि पुढची पायरी कोणती, हे तिला या ओळीतून कळतं. नुसतं ‘पुरवठादाराचं बिल बाकी’ लिहिलं असतं तर तिला सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती.

आता दरबदल. ‘फरसाण आता ५ टक्के’ एवढं लिहिणं पुरेसं नाही. नवी बिलं गेले दीड महिना ५ टक्क्यांनी निघत आहेत. अडचण येते ती परत आलेल्या मालात. १० सप्टेंबरला एका दुकानदाराला ४० हजारांचा माल १२ टक्क्यांनी विकला, त्यावर ४,८०० रुपये कर लागला. तो माल नोव्हेंबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांनीच काढायची, कारण ती मूळ विक्रीची दुरुस्ती असते. सॉफ्टवेअर आजचा दर उचलून २,००० रुपये दाखवेल. २,८०० चा फरक राहील आणि तो दुकानदाराकडच्या हिशेबाशी जुळणार नाही. त्यामुळे टिपणात लिहावं की परतीच्या मालावर आधी मूळ बिलाची तारीख पाहायची.

याला जोडून एक तपासणी तिने पहिल्याच दिवशी करावी. मालाच्या नोंदीत नवा दर टाकताना तो कोणत्या तारखेपासून लागू आहे हे भरावं लागतं. घाईत कुणी जुन्या दरावरच नवा लिहून टाकला, तर ऑगस्टचं बिल उघडून पुन्हा जतन केल्यावर त्यावरही ५ टक्के चढायचा धोका असतो. ऑगस्टचं एखादं बिल नुसतं उघडून पाहिलं आणि दर १२ टक्के दिसला तरी तेवढ्यावर थांबू नये. मालाच्या नोंदीत जाऊन २२ सप्टेंबर ही तारीख आहे ना, हेही पाहावं.

तिसरी गोष्ट तिच्या सवयीशी जोडलेली आहे, आणि माझ्या अनुभवात अशाच गोष्टी टिपणातून सुटतात. पूर्वी जीएसटीआर-१ मध्ये काही चुकलं तर ३-बी भरताना विक्रीवरच्या कराचा आकडा हाताने बदलून वेळ मारून नेता यायची. जुलै २०२५ च्या विवरणपत्रापासून जीएसटीआर-१ वरून आपोआप आलेला तो आकडा ३-बी मध्ये बदलता येत नाही. चूक सापडली तर ३-बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए भरून दुरुस्त करावी लागते. बदलीवरचा माणूस ऑगस्टपासून तसंच करतोय, त्यामुळे त्याला आता यात काही वेगळं वाटत नाही. ती मात्र मेपर्यंतच्या रीतीने १९ तारखेला संध्याकाळी ३-बी उघडून बसेल. ज्या बदलाने आपली रोजची पद्धत बदलली, तो आपल्याला नवा वाटेनासा झाला तरी टिपणात लिहायलाच हवा.

बाकीचं थोडक्यात चालतं. पोर्टलचा ओटीपी सध्या कुणाच्या मोबाइलवर येतो, कोणत्या बँक खात्यावर सहीचा अधिकार बदलला, कोणते पुरवठादार बंद झाले, एवढं अर्ध्या पानात मावतं. ३१ डिसेंबरचं वार्षिक विवरणपत्र शेवटी घ्यावं, कारण त्याला अजून वेळ आहे. जे पूर्ण झालं आहे तिथे ‘झालं, पाहायची गरज नाही’ असं स्पष्ट लिहावं, नाहीतर जबाबदार माणूस तेही उघडून पाहतोच. बोनसची हकिकत, कोण सोडून गेलं, साहेब कशावरून रागावले, हे जेवणाच्या सुट्टीत सांगावं.

प्रत्येक ओळीपुढे नाव आणि तारीख मात्र असावी, कारण ‘आता तुम्ही आलात, तुम्हीच पाहा’ म्हणून सगळा भार सोमवारी सकाळीच तिच्या टेबलावर ठेवणं चुकीचं आहे. ११ तारखेचं जीएसटीआर-१ बदलीवरच्या माणसानेच भरावं, कारण ऑक्टोबरची बिलं त्याने काढली आहेत. २० तारखेची ३-बी तिने तयार करावी आणि त्याने शेजारी बसून तपासावी. डिसेंबरपासूनची विवरणपत्रं पूर्णपणे तिची.