स्पीड टेस्ट झकास, मग व्हिडिओ कॉल का अडकतो? दोष राऊटरमधल्या रांगेचा

आमच्या घरी रोज संध्याकाळी एकच तक्रार. कुवेतहून अब्बांचा व्हिडिओ कॉल आला की पहिली पाच मिनिटे ठीक, मग चेहरा गोठायचा, आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. मुले ओरडायची, "अब्बा, ऐकू येत नाही!" आणि तिकडून दोन सेकंदांनी उत्तर यायचे, "आता येतंय का?" केबलवाल्याला बोलावले. त्याने स्पीड टेस्ट केली. डाऊनलोड २८.५ एमबीपीएस, अपलोड ४.८. प्लॅन ३० आणि ५ चा. "नेट एकदम ओके आहे, मोठा प्लॅन घ्या," असे सांगून तो गेला.

त्याचे पहिले वाक्य बरोबर होते, दुसरे चूक. चांगल्या व्हिडिओ कॉलला दीड-दोन एमबीपीएस पुरतात. आमच्याकडे वेग होता, पण डेटा वेळेवर जात नव्हता. या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. अमेरिकी अभियंता जिम गेटीस यांना २०१० साली आपल्याच घरच्या नेटवर ते आढळले आणि त्यांनीच ते नाव रूढ केले.

रांग कुठे लागते?

घरातला डेटा छोट्या पाकिटांनी बाहेर जातो. पाकिटे जास्त आणि वाट अरुंद असली की मॉडेम किंवा राऊटर ती रांगेत उभी करतो. या रांगेच्या जागेला बफर म्हणतात. थोडा बफर हवाच. पण अनेक उपकरणांत तो गरजेपेक्षा फार मोठा ठेवलेला असतो.

हिशेब करून बघा. बफर ५१२ केबीचा धरला तर त्यात साधारण ४ मेगाबिट डेटा मावतो. ५ एमबीपीएसच्या अपलोडने तो रिकामा व्हायला जवळजवळ ०.८ सेकंद लागतात. म्हणजे तुमच्या आवाजाचे इवलेसे पाकीटसुद्धा त्या रांगेच्या शेवटी पाऊण सेकंद ताटकळते. एसटीच्या खिडकीवर एकाने शंभर तिकिटे मागावीत आणि आपण एका तिकिटासाठी मागे उभे राहावे, तसेच हे.

आमच्याकडे शंभर तिकिटे मागणारा कोण होता? दोन मोबाईल. दोन्ही मुले कॉलेजमधून घरी आली की त्यांचे फोन वायफायला लागायचे आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप बॅकअपला जायचे. नेमकी तीच अब्बांच्या कॉलची वेळ.

आधी खात्री करून घ्या

राऊटर बदलण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करा. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा आणि एकेक ओळ टाका. पहिला पत्ता तुमच्या राऊटरचा, तो वेगळा असेल तर तसा बदला.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

घरात कोणी नेट वापरत नसताना `time=` पुढचा आकडा एक मिनिट बघा. मग मोबाईलवरून एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि पुन्हा बघा. थांबवायला Ctrl+C.

आमच्याकडे शांत असताना राऊटर २ मिलिसेकंदांत आणि बाहेरचा पत्ता २२ मध्ये उत्तर देत होता. अपलोड सुरू होताच राऊटर २-३ वरच राहिला, पण बाहेरचा आकडा ७०० च्या पुढे गेला. अपलोड थांबवले, काही सेकंदांत परत २२. ही बफरब्लोटची खूण.

राऊटरचाच आकडा उड्या मारत असेल तर दोष बहुधा वायफायचा. राऊटरजवळ बसून किंवा केबल लावून पुन्हा बघा. घर शांत असतानाही बाहेरचा आकडा खराब असेल तर दोष लाइनचा, तिथे ऑपरेटरलाच बोलवावे लागेल. पुढचा उपाय या दोन्हींवर चालत नाही.

उपाय: रांग आपल्या हातात घ्यायची

बिनपैशाचा उपाय आधी करा. फोटो बॅकअप रात्री झोपताना चालू करा. आमचे अर्धे काम त्यानेच झाले. पण पाहुणे आले, कोणी फाइल पाठवली, की पुन्हा तेच.

पक्का उपाय म्हणजे राऊटरला रांग नीट लावायला शिकवणे. त्यासाठी `cake` नावाची पद्धत आहे. ती दोन कामे करते. प्रत्येक फोन, प्रत्येक कामाची रांग वेगळी लावते, म्हणून कॉलचे पाकीट बॅकअपच्या मागे अडकत नाही. आणि एखादी रांग फार वेळ तुंबली की तिच्यातले एखादे पाकीट टाकून देते. पाकीट पोहोचले नाही हे कळताच पाठवणारा फोन आपला वेग कमी करतो.

ही सोय OpenWrt या मोफत राऊटर-प्रणालीत मिळते. ती घालण्याआधी राऊटरच्या मागच्या स्टिकरवरचे मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही OpenWrt च्या यादीत तपासा. व्हर्जन चुकले तर राऊटर बंद पडू शकतो, वॉरंटीही जाऊ शकते. ऑपरेटरच्या डब्याला हात लावू नका. आम्ही तो तसाच ठेवून त्याच्या मागे दुसरा राऊटर जोडला. दोघांचा पत्ता `192.168.1.1` असेल तर नव्याचा `192.168.2.1` करा, नाहीतर गोंधळ होतो.

नव्या राऊटरच्या पानावर System → Software मध्ये जाऊन याद्या ताज्या करा आणि `luci-app-sqm` घाला. मग Network → SQM QoS उघडा.

- Interface: बाहेरच्या लाइनचा, म्हणजे `wan`
- Download speed: 25600
- Upload speed: 4300
- Queue Discipline: `cake`, आणि script `piece_of_cake.qos`
- Link Layer Adaptation: Ethernet, overhead 44

वेगाचे आकडे मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के आहेत, प्लॅनच्या नव्हे. ते मुद्दाम कमी ठेवायचे, म्हणजे रांग ऑपरेटरच्या डब्यात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते. आपला राऊटर रांग हाकू शकतो, तो डबा नाही. आकडा किलोबिटमध्ये लिहायचा. पहिल्यांदा आम्ही नुसते 25 लिहिले आणि सगळ्या घराचे नेट जवळपास बंद पडले! शेवटी Enable वर टिक करून Save & Apply दाबा.

तरी फरक पडला नाही तर

आमच्याकडे पहिल्या दिवशी काहीच बदलले नाही. कारण दोन्ही मुलांचे फोन अजून जुन्या डब्याच्या वायफायवर होते. त्यांचा डेटा नव्या राऊटरमधून जातच नव्हता. जुन्या डब्याचे वायफाय बंद केले. Firewall मध्ये Hardware flow offloading चालू असेल तर तेही बंद करा, त्यामुळे डेटा रांगेला वळसा घालून जातो.

मग पुन्हा तीच तपासणी. अपलोड चालू असताना बाहेरचा आकडा ७०० ऐवजी ३० च्या आसपास. तो अजून ८०-१०० वर जात असेल तर वेगाचे आकडे आणखी पाच टक्क्यांनी उतरवून बघा.

दोन मर्यादा. स्वस्त राऊटरचा प्रोसेसर फार मोठ्या वेगाला पुरत नाही, त्यामुळे २००-३०० एमबीपीएसच्या लाइनवर तो स्वतःच अडथळा होऊ शकतो. आणि ४जी-५जीच्या नेटचा वेग सतत बदलतो, तिथे एक ठरलेला आकडा नीट बसत नाही.

स्पीड टेस्टमध्ये आता आमचे डाऊनलोड २५ दिसते, पूर्वी २८.५ दिसायचे. काल संध्याकाळी दोन्ही मुलांचे बॅकअप चालू होते आणि अब्बा पाऊण तास बोलत होते. "आता येतंय का?" हे त्यांना एकदाही विचारावे लागले नाही.