‘पैसे आले’ म्हणजे नेमके कुठे आले?

सांगलीतल्या एका पुस्तक विक्रेत्यांच्या वेबसाइटचं काम मी पाहतो. दिवाळी अंकांचा संच, किंमत १,००० रुपये, पैसे ऑनलाइन भरायचे आणि संच घरपोच, असा साधा व्यवहार. एका बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन आला. “अरे, तुझ्या साइटवर सोमवारची विक्री सहा हजार दिसतेय. आज बँकेत सोमवारचे म्हणून जमा झालेत तीन हजार आठशे ब्याऐंशी. बाकीचे गेले कुठे?”

२,११८ रुपयांचा फरक होता. तो शोधायला पेमेंट गेटवेचं डॉक्युमेंटेशन उघडून बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. तिथलं इंग्रजी मुळीच अवघड नाही. अडचण आपल्या बोलीत आहे. ग्राहकाच्या मोबाइलवर टिक उमटली, साइटवर ऑर्डर पडली किंवा बँकेचा मेसेज आला, तरी आपण प्रत्येक वेळी ‘पैसे आले’ असंच म्हणतो. डॉक्युमेंटेशन मात्र या तीन क्षणांसाठी तीन शब्द वापरतं, आणि ते कधीही एकमेकांच्या जागी येत नाहीत.

रेझरपेच्या डॉक्युमेंटेशनमधले शब्द घेऊ. पहिली पायरी `authorized`. म्हणजे ग्राहकाच्या बँकेने होकार दिला. कार्ड असेल तर बँकेने रक्कम मंजूर करून बाजूला धरली. यूपीआय असेल तर ती खात्यातून निघालेलीच असते. पण दुकानदाराने ती अजून मागितलेली नाही. दुसरी पायरी `captured`, म्हणजे आपण ती रक्कम घेतली असं गेटवेला कळवलं. बहुतेक साइटवर हे आपोआप होईल अशी सोय लावलेली असते. ती लावली नाही आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम घेतली नाही, तर ती ग्राहकाला परत जाते, आणि माल पाठवून बसलेल्या दुकानदाराच्या हाती काही लागत नाही. तिसरी पायरी सेटलमेंटची. तोवर पैसे पेमेंट कंपनीच्या एस्क्रो खात्यात असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार हे खातं वेगळं ठेवावं लागतं, कंपनीच्या स्वतःच्या पैशात ते मिसळता येत नाही. तिथून दुकानदाराच्या खात्यात रक्कम जाते, तेव्हाच काकांच्या अर्थाने पैसे येतात. देशांतर्गत व्यवहारांसाठी सहसा ‘टी अधिक २’ लिहिलेलं असतं. टी म्हणजे रक्कम घेतल्याचा दिवस, आणि पुढचे दोन दिवस कामकाजाचे. सोमवारची विक्री बुधवारी. मधे पाडव्याची बँक सुट्टी आली तर गुरुवारी.

आता काकांचा हिशेब. फरकातले पहिले १,००० रुपये माझ्या कोडमुळे दिसत होते. गेटवे प्रत्येक व्यवहाराची वेळ सेकंदांच्या एका लांबलचक आकड्यात देतो, आणि त्या आकड्याची तारीख करताना माझा प्रोग्राम ग्रिनिचची वेळ धरत होता. ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. एका वाचकाने मंगळवारी पहाटे सव्वा वाजता संच मागवला होता. ग्रिनिचमध्ये तेव्हा सोमवारचे संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. त्यामुळे साइटने ती विक्री सोमवारात टाकली आणि सेटलमेंटच्या तक्त्याने मंगळवारात. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचे व्यवहार एक दिवस मागे सरकलेले दिसले, तर दुसरं कारण शोधूच नये. म्हणजे सोमवारची खरी विक्री पाच संचांची, ५,००० रुपयांची.

पाचही ग्राहकांनी नेटबँकिंग वापरलं होतं आणि काकांचा ठरलेला दर दोन टक्के होता. त्यातल्या एका व्यवहाराची नोंद अशी होती:

```json
{
  "amount": 100000,
  "status": "captured",
  "fee": 2360,
  "tax": 360
}
```

या चार ओळी सावकाश वाचाव्यात. `amount` पैशांत आहे, रुपयांत नाही. एक लाख पैसे म्हणजे १,००० रुपये. हे निसटलं की हजाराच्या संचासाठी प्रोग्राम `1000` पाठवतो आणि ग्राहकाकडून दहा रुपये घेतले जातात. गेटवे त्याला चूक म्हणत नाही, कारण दहा रुपयांचा व्यवहार चालतोच. अशा वेळी कुठलाही एरर कोड मदतीला येत नाही.

`fee` आणि `tax` या ओळींवर मी स्वतः फसलो. हजाराचे दोन टक्के २० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. मी आधी `fee` वजा केली, मग `tax` वजा केला. पाच व्यवहारांचे ११८ आणि वर १८ असे १३६ रुपये कापले. पुढे एका परताव्याचे १,००० वजा केले तेव्हा ३,८६४ उरले. बँकेत तर ३,८८२ आले होते. फरक बरोबर १८ रुपयांचा, म्हणजे पाच व्यवहारांच्या जीएसटीइतका. डॉक्युमेंटेशनमध्ये `fee` समोर लिहिलं होतं की ही रक्कम करासह आहे. २३ रुपये ६० पैशांतच ३ रुपये ६० पैसे धरलेले होते. `tax` ची ओळ फक्त त्यातला कर वेगळा दाखवायला असते. हिशेबातला फरक कराच्या बेरजेइतकाच भरला, तर कर दोनदा कापला आहे असं समजावं. उलट खाती लिहिणाऱ्याला मात्र ही ओळ हवीच असते, कारण काका जीएसटी भरणारे असतील तर या कराची वजावट त्यांना मागता येते.

आता उरतो परतावा. तो कुठून आला, हे समजायला त्याआधीच्या गुरुवारी जावं लागतं. इचलकरंजीच्या एका बाईंनी रात्री यूपीआयने पैसे भरले. पिन टाकला, बँकेने रक्कम कापल्याचा मेसेज आला, पण बँकेचं उत्तर गेटवेपर्यंत पोचायला उशीर झाला. आमच्या साइटने काही मिनिटं वाट पाहिली आणि ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं दाखवलं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे पुन्हा पैसे भरले. थोड्या वेळाने पहिल्या व्यवहाराचं उत्तर आलं आणि तोही `captured` झाला. संच एक, पैसे दोनदा. डॉक्युमेंटेशनमध्ये याला नाव आहे, ‘लेट ऑथोरायझेशन’, म्हणजे उशिरा आलेला होकार. आधी `failed` लिहिलेली नोंद नंतर बदलू शकते, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. मराठीत ‘अयशस्वी’ म्हटलं की गोष्ट संपते. इथे ती संपलेली नसते.

यूपीआयच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक प्रत्येक डेव्हलपरने वाचावं. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदाराकडे ती मिळाल्याची पोच आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत गेली पाहिजे. त्याहून उशीर झाला तर ग्राहकाला रोजचे १०० रुपये भरपाई मिळते. हे माहीत असलं की साइटवरचं वाक्य बदलतं. आता तिथे लिहिलं आहे: ‘बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. खात्यातून रक्कम गेली असेल तर कृपया पुन्हा भरू नका. ऑर्डर नक्की झाली की मेसेज येईल. नाही झाली तर रक्कम पाच दिवसांत परत जमा होईल.’

अर्थात, हे वाक्य प्रत्येक चुकीला दाखवून चालत नाही. कुठे दाखवायचं हे ठरवण्यासाठी एरर कोड वाचावे लागतात, आणि तिथे पहिला शब्द फसवतो. ग्राहकाने पैसे भरता भरता खिडकी बंद केली तर असं उत्तर येतं:

```json
{
  "code": "BAD_REQUEST_ERROR",
  "source": "customer",
  "step": "payment_authentication",
  "reason": "payment_cancelled"
}
```

पहिली ओळ वाचून नवा डेव्हलपर आपण पाठवलेली मागणीच चुकली असं समजतो आणि दिवसभर कोड तपासत बसतो. प्रत्यक्षात ही ओळ म्हणजे ढोबळ वर्गवारी आहे. वाचायचं ते खालून वर. `reason` सांगते काय झालं, `step` सांगते कोणत्या टप्प्यावर, `source` सांगते कोणाकडून. इथे ग्राहकाने स्वतःच थांबवलं आहे, पैसे गेलेले नाहीत, तेव्हा ‘पुन्हा प्रयत्न करा’ हेच योग्य. `source` मध्ये ग्राहकाऐवजी बँक किंवा गेटवे दिसला आणि व्यवहार यूपीआयचा असला, तर वरचं थांबायला सांगणारं वाक्य दाखवावं. यूपीआयच्या मागच्या बाजूला एनपीसीआयचे स्वतःचे आखूड कोड असतात. `ZM` म्हणजे पिन चुकला, `Z9` म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. हे दोन ओळखता आले तरी दुकानात फोनवर येणाऱ्या तक्रारींना लगेच उत्तर देता येतं.

उशिरा आलेला होकार साइटला कळतो वेबहुकमधून. काही घडलं की गेटवे आपल्या सर्व्हरला स्वतःहून खबर देतो, ती ही. एकच खबर दोनदा येऊ शकते, आणि नंतरची आधीही येऊ शकते, असं डॉक्युमेंटेशन बजावतं. म्हणून प्रत्येक खबरेचा क्रमांक जपून ठेवावा आणि तोच पुन्हा आला तर काही करू नये. माल पाठवण्याआधी ऑर्डरच्या क्रमांकावर किती पेमेंट `captured` आहेत हेही पाहावं. ऑर्डर एक आणि पेमेंट दोन, ही रचना त्यांच्या मांडणीतच आहे. आमच्या डेटाबेसमध्ये मात्र एका ऑर्डरला एकाच पेमेंटची जागा ठेवली होती. बाईंचं दुसरं पेमेंट तिथे मावलंच नाही, म्हणून मंगळवारी त्यांनी फोन करेपर्यंत कोणाला कळलं नाही.

मंगळवारी काकांनी त्यांचे १,००० रुपये परत केले. परताव्यासाठी गेटवे दुकानदाराच्या बँक खात्याला हात लावत नाही, तर पुढच्या सेटलमेंटमधून रक्कम कापतो. म्हणून गुरुवारच्या विक्रीचा परतावा सोमवारच्या विक्रीतून गेलेला दिसला. आणि मूळ व्यवहारावर फी लागली असेल तर ती परत मिळत नाही, हे दुकानदाराला आधीच सांगून ठेवावं. पाच हजारांतून फी ११८, परतावा १,०००, उरले ३,८८२. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या ओळीसमोर जो यूटीआर क्रमांक होता, तोच सेटलमेंटच्या तक्त्यात पाच विक्रींसमोर आणि एका परताव्यासमोर होता. बँकेची एक ओळ आणि तक्त्यातल्या सहा ओळी जोडणारा दुवा तेवढाच. रक्कम पाहून किंवा तारीख पाहून जुळवायला गेलं तर चुकतं.

यातलं काहीही मला टेस्ट मोडमध्ये सापडलं नसतं. तिथे कार्ड खोटं, होकार खोटा, आणि पैसे बँकेत जातच नाहीत. म्हणून नवी साइट ग्राहकांसाठी खुली करण्याआधी स्वतःच्या नेटबँकिंगने शंभर रुपयांची एक खरी खरेदी करा, आणि दोन कामकाजाच्या दिवसांनी दुकानदाराशेजारी बसून त्यांच्या पासबुकात ती शोधा. दर दोन टक्के असेल तर तिथे ९७ रुपये ६४ पैसे दिसले पाहिजेत.