फोटोतला अंक 3 की 8?

वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो. कडेला सावली पडली आहे आणि एक अंक पुसट झाला आहे. त्यात लिहिले आहे: `y'' + 4y' + 3y = 0`, सोबत `y(0) = 1`, `y'(0) = 0`. शेवटच्या `y` आधीचा अंक 3 आहे की 8, हे नीट कळत नाही. दुसऱ्या कोटीच्या, स्थिर सहगुणकांच्या रेषीय अवकल समीकरणात एवढ्या संशयानेही उत्तराची जात बदलते.

सोडवण्याची रीत लेओनार्ड ऑयलरने १७४३ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या फलाचा अवकलज त्याच फलाच्या पटीत येतो, असे फल म्हणजे `e^(rx)`. ते `y` च्या जागी ठेवले की दर अवकलजामागे एक `r` बाहेर येतो आणि शेवटी साधे वर्गसमीकरण उरते. त्याला लाक्षणिक समीकरण म्हणतात. फोटोतला अंक 3 धरला तर ते `r² + 4r + 3 = 0` होते आणि मुळे -1 व -3 येतात. दोन्ही वास्तव, दोन्ही वेगळी. म्हणून `y = Ae^(-x) + Be^(-3x)`. सुरुवातीच्या अटींवरून `A + B = 1` आणि `-A - 3B = 0` मिळते. म्हणजे `A = 3/2`, `B = -1/2`. या प्रकारात अडण्यासारखे फारसे काही नाही.

अंक 8 असेल तर `r² + 4r + 8 = 0` याचा विवेचक 16 - 32, म्हणजे -16 होतो आणि मुळे `-2 ± 2i` अशी संमिश्र येतात. यातला `i` उत्तरात राहू द्यायचा नसतो. समीकरणाचे सहगुणक वास्तव असल्यामुळे `e^((-2+2i)x)` या उकलीचा वास्तव भाग आणि कल्पित भाग हे दोन्ही स्वतंत्रपणे उकली ठरतात. म्हणून `y = e^(-2x)(A cos 2x + B sin 2x)`. मुळाचा वास्तव भाग -2 घातांकात जातो आणि वक्र किती वेगाने विरतो ते ठरवतो. कल्पित भागातला 2 कोनात जातो आणि हेलकावे ठरवतो. परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते. इथे अटी लावल्यावर `A = 1`, `B = 1` येतात.

या दोन प्रकारांच्या सीमेवर `y'' + 4y' + 4y = 0` हे समीकरण आहे. त्याचे मूळ -2 असे दोनदा येते. मूळ एकच, म्हणून उकलही एकच `e^(-2x)`. पण दोन अटी भागवायला दोन उकली लागतात. दुसरी `xe^(-2x)` असते, हे बहुतेकांना पाठ असते. का, ते ठाऊक नसते. `y = u·e^(-2x)` मानून समीकरणात घातले तर `u'` आणि `u` ची सगळी पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि फक्त `u'' = 0` उरते. ज्याचा दुसरा अवकलज शून्य ते फल सरळ रेषाच, `A + Bx`. त्याच अटींसाठी उत्तर `(1 + 2x)e^(-2x)`.

`x = 1` पाशी तिन्ही वक्र ताडून पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो: 3 ला `y` सुमारे 0.53, 4 ला 0.41 आणि 8 ला जेमतेम 0.07. शिवाय 8 चा वक्र `x = 1.18` च्या आसपास शून्याखाली उतरतो, `x = 1.57` पाशी -0.043 पर्यंत जातो आणि मग वर वळतो. बाकीचे दोघे `x` वाढत गेला तरी शून्याच्या खाली जातच नाहीत.

पुसट फोटोत आणखीही काही निसटते. `y'` वरची खूण गेली की ते `y` दिसते. पण मग `4y + 3y` अशी एकाच `y` ची दोन पदे शेजारी येतात, आणि असे कोणी लिहीत नाही. दुसऱ्या अटीतली खूण गेली तर `y(0)` एकाच वेळी 1 आणि 0 ठरतो. या चुका स्वतःच ओरडून सांगतात. `4xy'` मधला `x` निसटला तर मात्र सहगुणक स्थिर नसलेले समीकरण स्थिर वाटते, आणि वरची सगळी रीतच गैरलागू होते.

3 आणि 8 चा घोटाळा तर सर्वांत गुपचूप होतो. दोन्हींची मुळे सुटसुटीत येतात, त्यामुळे उत्तर छान आले हा काही पुरावा नव्हे. उत्तर समीकरणात परत घालून पडताळले तरी ते बरोबरच निघते, कारण पडताळा वाचलेल्या समीकरणाशी होतो, लिहिलेल्याशी नाही. अशा वेळी फोटो मोठा करून त्याच हस्ताक्षरातला दुसरा 3 किंवा 8 शोधावा, त्याच्या डाव्या बाजूची वळणे मिटलेली आहेत की उघडी ते पाहावे. तसा अंक पानावर नसेल तर मूळ पान पुन्हा मागवावे, किंवा दोन्ही उत्तरे आपापल्या गृहीतासह लिहावीत.