नवे साहेब, जुनी बाकी

कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर कंपनी म्हणजे एकच माणूस असतो. ऑर्डर तोच घेतो, स्कीम तोच सांगतो, मुदत संपत आलेली औषधे परत नेण्याचा शब्द तोच देतो आणि वसुलीलाही तोच येतो. कागदावर तो टेरिटरी मॅनेजर, दुकानदारांच्या बोलण्यात ‘टीएम’ किंवा नुसते ‘साहेब’. हे साहेब नोकरी सोडून गेले की कंपनीकडून नव्या माणसाची ओळख करून देणारे पत्र येते. त्यात नाव, मोबाइल नंबर, अनुभव आणि ‘पूर्वीप्रमाणेच सहकार्य करावे’ ही विनंती असते. दुकानदाराच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न असतो: जुन्या साहेबांनी दिलेल्या शब्दांचे आता काय?

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका दुकानदाराकडे कंपनीच्या खात्यानुसार ४,८२,६०० रुपये बाकी आहे. त्याच्या वहीत आकडा ४,३३,००० आहे. मागच्या खरिपाच्या स्कीमचे १८,४०० रुपये क्रेडिट नोटने मिळतील, असे साहेब तोंडी म्हणाले होते. बुरशीनाशकाचे सहा बॉक्स, किंमत ३१,२०० रुपये, साहेबांच्या सांगण्यावरून चलन करून परत गेले, पण त्याची नोंद कंपनीच्या खात्यावर आलीच नाही. नवा माणूस पहिल्याच भेटीत संगणकावरचा आकडा मागतो. दुकानदार चिडतो, पैसे थांबवतो. बाकी थकली म्हणून कंपनी माल थांबवते, आणि हे सगळे ऐन पेरणीच्या तोंडावर होते. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नसते.

म्हणून या पत्राचा गाभा नव्या माणसाची वाहवा नसून जुना हिशोब हाच असायला हवा. मजकूर साधा पुरतो: ‘आपल्या भागाचे टेरिटरी मॅनेजर ३१ मार्चला कंपनीच्या सेवेतून गेले. १ एप्रिलपासून नवे मॅनेजर काम पाहतील आणि पहिल्या भेटीला आमचे एरिया मॅनेजर सोबत येतील. ३१ मार्चअखेर आमच्याकडे आपली बाकी ४,८२,६०० रुपये दिसते. स्कीम, परत केलेला माल किंवा अन्य काही येणे असल्यास १५ दिवसांत चलन किंवा मेसेजसह कळवावे. तपासून ३० एप्रिलपर्यंत लेखी उत्तर देऊ.’ यात प्रत्येक मागणी मान्य करण्याचे वचन नाही, उत्तर देण्याचे आहे. ते तारखेसह दिले म्हणजे दुकानदार थांबायला तयार होतो. जाणारा माणूस का गेला, हे मात्र पत्रात लिहू नये. त्याचे दुकानदारांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात, आणि पुढच्या महिन्यात तोच दुसऱ्या कंपनीचा माल घेऊन त्याच काउंटरवर उभा राहू शकतो.

हे पत्र लिहायला माहिती हवी. ती जाणाऱ्या माणसाकडूनच, त्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुकानवार लिहून घ्यावी लागते: कोणाला काय कबूल केले, कोणाचा माल कुठे अडकला, तारणाचे कोरे चेक कोणाचे आहेत. तो अचानक गेला असेल, तर एरिया मॅनेजरने प्रत्येक दुकानदाराला फोन करून विचारावे आणि मगच पत्र पाठवावे. इथे वेळही महत्त्वाची आहे. जीएसटी कायद्यानुसार कर कमी करून घेणारी क्रेडिट नोट आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच विवरणपत्रात दाखवता येते. तोपर्यंत वाद रेंगाळला, तर करापुरती रक्कम हातची जाते.

पत्र लवकर पाठवण्याला आणखी मोठे कारण आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०८ नुसार प्रतिनिधीचा अधिकार संपला, तरी त्रयस्थाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो संपत नाही. कायद्यातच दिलेले उदाहरण मुंबईच्या कापसाचे आहे. मद्रासचा मालक आपल्या प्रतिनिधीला पत्राने कळवतो की, मुंबईतला कापूस विकू नका. पत्र मिळाल्यावरही प्रतिनिधी तो विकतो, पैसे घेतो आणि पळून जातो. घेणाऱ्याला त्या पत्राची काहीच कल्पना नसते, म्हणून त्याने दिलेले पैसे मालकाला पोचले असेच धरले जातात. वसुलीचा अधिकार असलेला टीएम गेला आणि कंपनीने कळवले नाही, तर त्याच्या हाती पडलेल्या पैशांबाबत कंपनी याच पेचात सापडू शकते. त्यामुळे अधिकार कोणत्या तारखेला संपला आणि पैसे फक्त कंपनीच्या बँक खात्यात भरावेत, ही दोन वाक्ये पत्रात हवीतच, आणि पत्र मिळाल्याची सहीही घ्यावी.

दुकानदारांनो, असे पत्र हाती आले की फायलीत टाकू नका. आपली वही काढून आकडा ताडून पाहा, फरक असेल तर चलनाची प्रत जोडून मुदतीत लेखी कळवा, आणि पोच घ्या. पत्रात बाकीचा आकडाच नसेल, तर नव्या साहेबांना पहिली ऑर्डर देण्याआधी तो लेखी मागा.